भरीत, कढण अन् केळी: कमी कॅलरीत पोट भरणारं जेवण घरच्या वजनकाट्यावर कसं मोजायचं

जळगाव साईडला केळीचं कोणाला नवल नाही, म्हणून तिथूनच सुरू करू. सोललेलं एक मध्यम केळं साधारण १०० ग्रॅम भरतं, त्यात पाऊणएक भाग नुसतं पाणी आणि कॅलरी ९० च्या आसपास. आता त्याच केळीचे वेफर्स घ्या, तळताना पाणी उडून गेलं आणि त्याची जागा तेलाने घेतली, त्यामुळे १०० ग्रॅम वेफर्समध्ये ५०० च्या वर कॅलरी होतात. म्हणजे एका केळ्याच्या कॅलरी १७-१८ ग्रॅम वेफर्समध्येच संपतात, आणि १८ ग्रॅम म्हणजे किती तर गप्पा मारता मारता एक मूठ तोंडात जाते तेवढेच. केळं खाल्लं की पोटात काहीतरी गेल्यासारखं वाटतं, मूठभर वेफर्सने उलट भूक चाळवते.

याला ऊर्जा घनता म्हणतात, एका ग्रॅममागे किती कॅलरी ते. तेल-तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, पीठ-साखर आणि प्रोटीनच्या एका ग्रॅममध्ये ४, फायबरच्या २ च्या आसपास आणि पाण्याच्या शून्य. बस, एवढंच गणित आहे. पाणी वजन वाढवतं, जागा व्यापतं आणि कॅलरी एकही देत नाही, म्हणून कुठल्याही पदार्थाची घनता मुख्यतः दोनच गोष्टी ठरवतात, त्यात पाणी किती आणि तेल किती. काकडी, दुधी, टमाटा यात ९४-९५ टक्के पाणी, टरबुजात ९१-९२, वांग्यातही ९२ च्या आसपास. शेवेत मात्र पाणी जवळपास नाहीच.

आधी हे समजून घ्या: पाणी प्यायलेलं आणि पाणी खाल्लेलं यात फरक आहे

बरेच जण म्हणतात मग जेवताना दोन ग्लास पाणी पिऊन घेऊ, काम झालं. तसं होत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली याचा प्रयोग छापला होता. काही बायकांना जेवणाआधी चिकन-भाताचा घट्ट पदार्थ दिला, दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी, तिसऱ्या दिवशी तेच सगळं जिन्नस आणि तेवढंच पाणी एकत्र करून सूप. कॅलरी तिन्ही वेळेस सारख्याच, २७०. त्यानंतरच्या जेवणात सूपवाल्या दिवशी त्या साधारण १०० कॅलरी कमी जेवल्या, आणि पाणी वेगळं प्यायल्याच्या दिवशी काहीच फरक पडला नाही, जणू पाणी प्यायलंच नव्हतं.

कारण पोटात आहे. जठराच्या भिंतीला ताण जाणवणाऱ्या नसा असतात, जठर फुगलं की त्या मेंदूला बस झालं असा निरोप देतात. पण साधं पाणी जठरात थांबतच नाही, घास तिथेच राहतात आणि पाणी त्यांच्या बाजूने वाट काढून लवकर खाली आतड्यात निघून जातं. तेच पाणी डाळीत, भाजीत शिजून एकजीव झालं असेल तर त्याला वेगळं निघता येत नाही, सगळंच हळूहळू खाली सरकतं आणि जठर जास्त वेळ भरलेलं राहतं. एमआरआयमध्ये बघून ही गोष्ट तपासलेली आहे. फळाचं पण तसंच, टरबुजाचं पाणी त्याच्या पेशींमध्ये कोंडलेलं असतं, चावून चावून ते बाहेर काढायला वेळ लागतो.

दुसरी एक गोष्ट, माणूस कॅलरी मोजून जेवत नाही, तो साधारण ताटातल्या आकारमानावर जेवतो. रोज जेवढं वजनाचं जेवण जातं तेवढंच दुसऱ्या दिवशीही जातं, मग ते पातळ असो की तेलकट. म्हणून ताटाची घनता कमी केली की पोटावर अन्याय न करता कॅलरी कमी होतात.

पायरी पहिली: काटा काढा, कढई तोला

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो, ५ किलोपर्यंत मोजणारा असला म्हणजे झालं. रिकामी कढई एकदा तोलून तिचं वजन कुठेतरी लिहून ठेवा, फ्रिजवर चिकटवलं तरी चालेल, ते परत परत लागतं. मग प्रत्येक जिन्नस कच्चा असताना तोलायचा, आणि पदार्थ तयार झाला की कढईसकट तोलून कढईचं वजन वजा करायचं. सगळ्या जिनसांच्या कॅलरींची बेरीज भागिले तयार पदार्थाचं वजन, ही झाली घनता.

तेलाचं मात्र चमच्यावर जाऊ नका. आपल्याकडे तेल पळीने, धार धरून पडतं आणि "दोन चमचेच टाकलं" म्हणणाऱ्या घरात मोजलं तर ते बऱ्याचदा त्याच्या दुप्पट निघतं. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, फोडणीआधी आणि फोडणीनंतर, जो फरक येईल ते तेल. १० ग्रॅम तेल म्हणजे ९० कॅलरी, इथे चूक झाली तर बाकी सगळं मोजून उपयोग नाही, कारण वांगं ५० ग्रॅम इकडे-तिकडे झालं तर फरक १२-१३ कॅलरीचा, तेल ५० ग्रॅम चुकलं तर ४५० चा.

पाकिटातल्या पदार्थाला तर काहीच करायचं नाही, मागे १०० ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं, त्याला १०० ने भागा. फक्त डाळीच्या पाकिटावरचा आकडा कोरड्या डाळीचा असतो, ३४० च्या आसपास, तो शिजलेल्या वरणाच्या वजनाला लावायचा नाही. शिजताना डाळ पाणी पिते, वजन कित्येक पट होतं, कॅलरी तेवढ्याच राहतात.

आकडा आला की तो वाचायचा कसा? ०.६ च्या खाली असेल तर पोटभर खा, फळं-भाज्या-पातळ सूप यात बसतात. ०.६ ते १.५ मध्ये वरण, भात, उसळी येतात, हे जेवणाचं मुख्य अंग. १.५ ते ४ मध्ये भाकरी, पोळी, तेलकट भाज्या, इथे किती घेतलं त्यावर लक्ष हवं. ४ च्या वर शेव, फरसाण, वेफर्स, शेंगदाणे, बिस्कीट.

पायरी दुसरी: एक भरीत पूर्ण मोजून बघू

भरीत घेतलं कारण त्यात फसगत सगळ्यात जास्त होते. लोक म्हणतात भाजीच तर आहे, भाजलेलं वांगं, त्यात काय. खरंच नुसतं वांगं बघितलं तर तसंच आहे. भरताची हिरवी मोठी वांगी, यावल तालुक्यातल्या बामणोदची असतील तर उत्तमच, एक किलो घेतली तर त्यात अडीचशेएक कॅलरी. तुराट्या किंवा कापसाच्या काड्यांवर भाजून, साल काढून गर उरतो साधारण ६५० ग्रॅम, काही पाणी आगीत उडतं, काही साल-देठात जातं. या गराची घनता ०.४ च्या खालीच आहे, म्हणजे फळाच्या रांगेत बसणारा पदार्थ.

आता त्यात काय पडतं बघा. कांद्याची पात १०० ग्रॅम, ३० कॅलरी. हिरवी मिरची ५० ग्रॅम, २०. लसूण २० ग्रॅम, ३०. इथपर्यंत काहीच नाही. मग शेंगदाणे ५० ग्रॅम, २८५. आणि तेल, भरताच्या पार्टीत तेल सुटलं पाहिजे असा आग्रह असतो, समजा १०० ग्रॅम, म्हणजे ९००. एकूण झाल्या १५१५ कॅलरी, परतताना अजून थोडं पाणी उडून तयार भरीत भरलं ९०० ग्रॅम. घनता जवळजवळ १.७. वांग्याच्या कॅलरी एकूणात सहावा भागसुद्धा नाहीत.

तेच भरीत ३० ग्रॅम तेलात आणि २५ ग्रॅम शेंगदाण्यात करून बघा. २५० + ३० + २० + ३० + १४२ + २७०, एकूण ७४२. तयार वजन साधारण ८२० ग्रॅम. घनता ०.९. वांगं तेवढंच, मिरची-लसूण तेवढंच, आणि कॅलरी निम्म्या. चवीचं काय, तर भरताला चव येते ती भाजण्याच्या धुराची, मिरची-लसणाची आणि पातीची, तेलाचं काम ती चव जिभेवर पसरवण्याचं, त्याला ३० ग्रॅम पुरतं. एक करायचं, मिरची-लसूण-दाणे त्या ३० ग्रॅम तेलात नीट तळून मग वांग्यात घालून ठेचायचं, सगळं तेल सरळ वांग्यावर ओतायचं नाही, वांग्याचा गर तेल पिऊन घेतो आणि वर काहीच दिसत नाही, मग कोरडं वाटतं म्हणून परत पळी फिरते. शून्य तेलाचं भरीत करा असं मी कोणाला सांगणार नाही, ते कोणी दुसऱ्यांदा खात नाही.

पायरी तिसरी: आधी कढण, मग ताट

सूप म्हटलं की लोकांना हॉटेलातलं कॉर्नफ्लॉवरचं घट्ट सूप आठवतं. ते सोडा, आपलं मुगाचं कढण घ्या, त्यात दुधी किंवा गिलकं टाकायचं. चार जणांसाठी दुधी ५०० ग्रॅम (७५ कॅलरी), मूगडाळ ७५ ग्रॅम (२६०), टमाटे २०० ग्रॅम (३५), तेल किंवा तूप फोडणीला ५ ग्रॅम (४५), पाणी ७०० मिली. कुकरमध्ये डाळ-दुधी-टमाटे एकत्र शिजवा, रवीने अर्धवट घोटा, वरून जिरं-लसणाची फोडणी, हळद, थोडा काळा मसाला चालतो. तयार होतं साधारण १४०० ग्रॅम, एकूण कॅलरी ४१५, घनता ०.३. एका माणसाला ३५० ग्रॅमचा मोठा वाडगा, १०४ कॅलरी.

डाळ गाळून नुसतं पाणी प्यायचं नाही. डाळ आहे म्हणून कढण पोटात टिकतं आणि प्रोटीन मिळतं, ती काढली की परत ग्लासभर पाण्यासारखंच झालं. मिक्सरमधून फिरवलं काय किंवा फोडी ठेवल्या काय, पोट भरण्यात मोठा फरक पडत नाही, ज्याला जसं आवडेल तसं. मीठ मात्र हात राखून, वाडगा मोठा असल्यामुळे नेहमीच्या आमटीएवढं खारट केलं तर मीठ जास्त जातं, बीपीवाल्यांनी तर लक्षच द्यायचं.

खायची पद्धत अशी: कढण गरम गरम आधी संपवायचं, मग पंधराएक मिनिटं थांबायचं, तेवढ्यात भाकरी थापून होते. मग ताट.

आता दोन ताटं शेजारी ठेवू. नेहमीचं ताट, तेलाचं भरीत २५० ग्रॅम म्हणजे ४२० कॅलरी, ज्वारीच्या दोन भाकरी (एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ, तयार भाकरी १०० ग्रॅमच्या आसपास, २१० कॅलरी) म्हणजे ४२०. एकूण ८४० कॅलरी, वजन ४५० ग्रॅम. दुसरं ताट, कढण ३५० ग्रॅम १०४ कॅलरी, कमी तेलाचं भरीत २५० ग्रॅम २२५, एक भाकरी २१०, काकडी-टमाटा-कांदा १०० ग्रॅम २०. एकूण ५६० च्या आत, वजन ८०० ग्रॅम. पोटात जवळपास दुप्पट माल गेला आणि कॅलरी २८० ने कमी. पण एक सांगतो, दुसऱ्या ताटातही दोन भाकरी घेतल्या तर फायदा ७० कॅलरीवर येतो. म्हणून भाकरी आधीच दोन वाढून घेऊ नका, एक घ्या, संपल्यावर खरंच भूक असली तर अर्धी अजून घ्या. ताटात वाढलेलं आपण टाकत नाही, ही आपली सवय इथे आडवी येते.

कुठे गाडी घसरते

पहिला नंबर तर्रीचा. शेवभाजीत पाणी भरपूर आहे, रस्सा तर पातळच असतो, मग घनता कमी असेल असं वाटतं. मोजा. २०० ग्रॅम शेव, तिच्याच ११०० कॅलरी. तेल ६० ग्रॅम, ५४०. सुकं खोबरं ४० ग्रॅम, २६०. कांदा-मसाला धरून १९५० च्या पुढे जातं, आणि सगळी भाजी भरते साडेअकराशे ग्रॅम, म्हणजे घनता १.७, त्या तेलाच्या भरताएवढीच. पातळ दिसणं आणि घनता कमी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखायची साधी खूण, वाटीतला रस्सा थंड होऊ द्या आणि वरचा तवंग बघा. चमच्याने तवंग काढून ठेवला तर १० ग्रॅममागे ९० कॅलरी बाजूला झाल्या. शेव वाटीत शेवटी घाला, ३० ग्रॅम मोजून, आधी भिजवून ठेवली तर ती फुगते आणि किती गेली ते कळतच नाही. शेवभाजी सोडायची गरज नाही, रोजची करायची नाही एवढंच.

दुसरं रसाचं. सफरचंद फोडी करून, शिजवून लगदा करून आणि रस काढून, तिन्हीत कॅलरी सारख्याच ठेवून जेवणाआधी दिल्या तर फोडी खाल्ल्यावर माणसं सगळ्यात कमी जेवली, रसाने सगळ्यात कमी फरक पडला, हाही त्याच रोल्स बाईंच्या टीमचा प्रयोग. रसवंतीवरचा उसाचा रस, मोसंबीचा ज्यूस, टरबुजाचा गाळलेला रस, हे सगळं पिणं आहे, खाणं नाही. उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला गेला की टरबूज-खरबूज हवंच, पण फोडी चावून खा. ३०० ग्रॅम टरबूज म्हणजे ९० कॅलरी. डायबेटिस असेल तर मात्र टरबूज पाण्याचं आहे म्हणून कितीही चालेल असं नाही, साखरेवर लक्ष ठेवूनच.

तिसरं सुकवलेल्या फळाचं. द्राक्षं १०० ग्रॅमला ७० कॅलरी, मनुका ३०० च्या आसपास. फळ तेच, पाणी गेलं. हेल्दी म्हणून मूठ मूठ मनुका, खजूर खाणारे बरेच आहेत, ते वाईट नाही पण ते पोट भरायला खायचे नाहीत.

आणि चौथं, नुसती काकडी-टमाटा-सूप खाऊन दिवस काढायचा प्रयत्न. दोन तासांत भूक लागते आणि मग संध्याकाळी फरसाणाचा डबा रिकामा होतो. पाण्याने जठर भरतं पण तृप्ती टिकायला प्रोटीन आणि थोडी चरबी लागते. जेवणात डाळ, मटकी, दही, अंडं यापैकी काहीतरी हवंच. जेवणानंतर तीन-साडेतीन तास नीट जात असतील तर ताट बरोबर जमलं समजा, दीड-दोन तासांत पोटात कावळे ओरडायला लागले तर भाकरी वाढवायच्या आधी डाळ वाढवा. ज्यांना भाज्यांची सवय नाही त्यांनी एकदम दुप्पट केल्या तर पोट फुगतं, गॅस होतो, तेव्हा आठवड्या-दोन आठवड्यात हळूहळू वाढवायचं.

हे कोणासाठी नाही

दुकानात, ऑफिसात, गाडीवर बसून दिवस काढणाऱ्यांसाठी हे सगळं. कापूस वेचायला किंवा केळीचे घड वाहायला जाणाऱ्या माणसाला उलटं लागतं, कमी वजनात जास्त ऊर्जा, त्याच्या फडक्यातली भाकरी, ठेचा, वर तेलाची धार आणि मूठभर शेंगदाणे हे अगदी बरोबर आहे, त्याला दुधीचं कढण पाजून शेतावर पाठवू नका. किडनी किंवा हार्टच्या त्रासामुळे डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर कढण, सूप, टरबूज हे सगळं त्याच मापात मोजलं जातं. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असताना एकदम भाकऱ्या निम्म्या केल्या तर शुगर उतरू शकते, आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. भूक कमी झालेली, वजन उतरत चाललेली म्हातारी माणसं, त्यांनाही हे नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं बाळांचं. आपल्याकडे सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू केलं की वरणाचं वरचं पाणी पाजतात, पचायला हलकं म्हणून. बाळाच्या जठरात वजनाच्या किलोमागे साधारण ३० ग्रॅमच मावतं, म्हणजे ८ किलोच्या बाळाला एका वेळी २४० ग्रॅम, तेही फार झालं. त्या एवढ्याशा जागेत पातळ पाणी भरलं तर पोट भरतं, बाळ तोंड फिरवतं, आणि अंगाला काहीच लागत नाही. मोठ्यांचं वजन उतरवणारी गोष्टच इथे बाळाचं वजन वाढू देत नाही. त्याच्यासाठी घोटलेलं वरण-भात चमच्यावरून पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट ठेवा, वर चमचाभर तूप घाला, केळं कुस्करून द्या, आणि कढणाचा वाडगा आपल्यापुरता बाजूला काढा.